फ्लॉवर-बटाटे ओव्हनमध्ये भाजताय? या चुका टाळा

पांढरेफटक, ओलसर फ्लॉवर आणि पिवळट, मऊ बटाटे. असा ट्रे दाखवून "रंगच येत नाही, काय चुकतंय?" असं विचारणारे लोक मला सतत भेटतात. त्यावर त्यांचा स्वतःचा उपाय बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो: वेगळं तेल, वेगळा मसाला, नाहीतर नवा ओव्हन. यातल्या कशाचीच गरज नसते. ट्रेमध्ये पाणी अडकलेलं असतं, आणि ते का अडकलं एवढंच शोधायचं असतं.

फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, बटाट्यात ऐंशीच्या आसपास. भाजीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर सरकत नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खरपूस रंग आणि तो खमंग वास जोमाने यायला लागतो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी वरचं पाणी उडून गेलं पाहिजे, मगच भाजणं सुरू होतं. तोवर जे चाललेलं असतं ते उकडणंच.

ट्रे गच्च भरणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि हिचाच मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ती निव्वळ घाईतून होते. "एकाच वेळी सगळं होऊन जाऊ दे" या विचाराने लोक ट्रे काठोकाठ भरतात. तुकडा तुकड्याला चिकटला की दोघांमधली वाफ तिथेच कोंडते. वरचा थर असेल तर खालच्याची वाफ वरच्याला ओली करते. मग बाहेर कितीही तापमान असलं तरी आतला तुकडा शंभराच्या घरातच राहतो.

भाचीकडे जेवायला बरीच माणसं येणार होती. मी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात रडकुंडीला आलेली. मोठे दोन फ्लॉवर आणि किलोभर बटाटे तिने एकाच ट्रेमध्ये घातले होते, अक्षरशः दोन थरांत. चाळीस मिनिटं होऊन गेली होती. "मावशी, ओव्हन बिघडलाय का गं? २५० वर केला तरी काही होत नाहीये." दार उघडल्यावर आधी वाफेचा लोट आला. वरच्या तुऱ्यांची टोकं काळी पडली होती आणि त्यांच्याच खाली बटाटे फिकट. ट्रे एका कोपऱ्यावर कलता केला तर वाटीभर पाणी जमा झालं, त्यावर तेलाचे पिवळे ठिपके तरंगत होते. ओव्हन अगदी ठणठणीत होता. त्याला आधी ते पाणी उडवायचं काम लावलं होतं, आणि ते काही उरकत नव्हतं.

आम्ही पाणी ओतून टाकलं, ट्रे पुसला आणि भाजीचे तीन भाग केले. दुसरा ट्रे होता, तो ओव्हनमध्ये रिकामाच तापवला. तुकडे कागदावर पसरून वरचा ओलावा टिपला, एक चमचा तेल नव्याने चोळलं आणि एकेक भाग वेगवेगळा, मोकळा पसरून २२० अंशांवर भाजला. बटाटे वीस मिनिटांत छान तांबूस झाले. फ्लॉवरला मात्र बाहेरून रंग आला तरी आतून तो गिळगिळीतच राहिला, कारण चाळीस मिनिटं उकडून तो आधीच पुरता शिजला होता. बटाटा अशा वेळी वाचवता येतो. फ्लॉवर फारसा नाही. म्हणून शंका आली तर विसाव्या मिनिटालाच बघा. दार उघडल्यावर वाफ तोंडावर येत असेल आणि ट्रेमधून तडतड ऐकू येत नसेल, तर गर्दी झाली आहे. तेव्हाच अर्धी भाजी बाहेर काढा.

माझं माप असं: दोन तुकड्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा. ४० बाय ३० सेंटिमीटरच्या ट्रेवर मी सगळं मिळून ७०० ग्रॅमच्या वर घालत नाही. छोट्या ओव्हनचा ३० बाय २५चा ट्रे असेल तर ४०० ग्रॅम पुष्कळ झाले. जास्त हवं असेल तर एकामागून एक दोन घाणे काढा. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये दोन ट्रे एकावर एक ठेवले की वरचा ट्रे खालच्याची उष्णता अडवतो. ठेवावेच लागले तर निम्म्या वेळाने त्यांच्या जागा बदला.

तापमान

१८० अंश हा आकडा लोकांच्या डोक्यात केकमुळे बसलेला आहे. या भाजीला तो कमी पडतो: पाणी इतकं हळू जातं की रंग येईपर्यंत आतून लगदा होतो. २२० ठेवा, पंखा चालू असेल तर २००. त्याहून वर नेलं तर तुऱ्यांची बारीक टोकं करपतात आणि बटाटा आत कच्चा राहतो. ओव्हन तापल्याचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली. भिंती अजून तापायच्या असतात. मी त्यानंतर आणखी दहा मिनिटं थांबते. वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइल चालू हव्यात, आणि ट्रे मधल्या किंवा मधल्याच्या खालच्या खणात. रंग प्रामुख्याने धातूला टेकलेल्या बाजूला येतो, वरून नाही. फक्त वरची कॉइल लावून वेळ वाचवणाऱ्यांना वरून काळं आणि खालून पांढरं मिळतं.

उलटण्याची घाई

दुसरी चूक म्हणजे दर पाच मिनिटांनी दार उघडून भाजी हलवत बसणं. कढईतली सवय इथे नडते. कढईत परतत राहावं लागतं, कारण खालून आच सारखी लागते. ट्रेवर मात्र तुकड्याची एक बाजू धातूला टेकून राहिली तरच ती कोरडी होते आणि तिच्यावर पापुद्रा धरतो. मध्येच हलवलं की अर्धवट सुकलेली बाजू वर जाते आणि ओली बाजू खाली येते. शिवाय प्रत्येक वेळी दार उघडलं की आतली गरम हवा निघून जाते, ती भरून यायला वेळ लागतो.

बटाटा कधी उलटायचा हे तो स्वतःच सांगतो. सुरुवातीला त्यातला स्टार्च ट्रेला घट्ट चिकटतो. तेव्हा उलथनं घातलं की तुकडा वर येतो आणि त्याची सोनेरी व्हायला निघालेली साल ट्रेवरच राहते. लोक मग ट्रेला नावं ठेवतात. खालचा पापुद्रा पुरता सुकला की तोच तुकडा ट्रे सोडतो. म्हणून पातळ कडेचं उलथनं एका तुकड्याखाली हलकेच सरकवून बघावं. सहज सुटला तर सगळे उलटा. धरून ठेवत असेल तर दार लावा आणि चार-पाच मिनिटांनी या. फ्लॉवरचं ओळखायला आणखी सोपं: कडेला तपकिरी रेघ दिसू लागली की खालची बाजू तयार झालेली असते.

उलटायचं एकदाच. तेव्हा कडेचे तुकडे मध्ये आणि मधले कडेला न्या, ट्रेसुद्धा फिरवून आत घाला, कारण बहुतेक ओव्हनचा मागचा भाग जास्त तापतो. ढवळून काढू नका. एकेक तुकडा हाताळायला दोन मिनिटं लागतात आणि ती द्यावीत. त्यासाठी ट्रे बाहेर काढा आणि ओव्हनचं दार लावून घ्या.

आता मी प्रत्यक्षात करते ते सांगते. साडेतीनशे ग्रॅम बटाटे, तेवढाच फ्लॉवर. बटाट्यांचे अडीच-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून पाण्यात खळबळून घेते, म्हणजे वरचा स्टार्च निघतो, आणि फडक्यात घालून अगदी कोरडे करते. फ्लॉवर मात्र भाजायच्या तासभर आधी धुऊन निथळत ठेवते. तुऱ्यांच्या फटींत राहिलेलं पाणी कुठल्याही फडक्याने नीट निघत नाही. मोठे तुरे दांड्यासकट उभे चिरते, म्हणजे प्रत्येकाला एक सपाट बाजू मिळते. गोल तुरा ट्रेला एका ठिपक्यावर टेकतो आणि तेवढाच तांबूस होतो.

बटाट्यांना दीड मोठा चमचा तेल आणि मीठ पातेल्यात चोळून घेते. ट्रेवर वरून तेलाची धार सोडली तर ते तुकड्यांना कमी आणि ट्रेला जास्त लागतं. बटाटे तापलेल्या ट्रेच्या अर्ध्या भागात सपाट बाजू खाली करून मांडते. टेकल्याबरोबर चुर्र आवाज यायलाच हवा. वीस मिनिटांनी ते उलटते आणि उरलेल्या अर्ध्यात तेल चोळलेला फ्लॉवर, तोही सपाट बाजू खाली करून. त्याला मीठ अगदी त्याच क्षणी लावते, कारण मीठ लावून ठेवलेला फ्लॉवर पाणी सोडतो. आणखी चौदा-पंधरा मिनिटांनी फक्त फ्लॉवर उलटते आणि मग आठ-दहा मिनिटं. एकूण पंचेचाळीसच्या आत काम होतं. दोन्ही एकदम घातले की बटाटा व्हायच्या आत फ्लॉवर कोमेजतो, तरी लोक तसंच करतात, हे मला खरंच कळत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

तिखट, जिरेपूड, लसूण सुरुवातीलाच घालू नका, २२० अंशांवर करपून कडू होतात. शेवटच्या पाच मिनिटांत घाला. अॅल्युमिनियम फॉइलवर बटाटे हमखास चिकटतात आणि फाटलेली फॉइल खरवडत बसावं लागतं. बेकिंग पेपर चालतो, पण त्याच्या पाकिटावरची तापमानाची मर्यादा आधी वाचा. आणि नुसत्या ट्रेवर येतो तितका रंग त्यावर येत नाही. बटाटे आधी उकडून घेतले तर कवच जास्त कुरकुरीत होतं, मात्र उकडल्यावर वाफ पूर्ण जाईपर्यंत ते उघडे ठेवायला हवेत. तेवढा धीर नसेल तर कच्चेच भाजा.

बटाटे फार लवकर गडद तपकिरी होत असतील आणि आत अजून कच्चे असतील, तर ते फ्रिजमध्ये ठेवलेले होते का ते बघा. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती लवकर करपते. असे बटाटे घरात असतील तर त्या दिवशी २०० अंशांवर भाजा आणि पाच-सात मिनिटं वाढवा. झाल्यावर दोन्ही भाज्या ट्रेमधून लगेच पसरट ताटात काढा. खोलगट भांड्यात भरून झाकण ठेवलंत तर दहा मिनिटांत सगळा कुरकुरीतपणा वाफेने जाईल.