सोसायटीच्या गच्चीवर सोलर: या चुका टाळा

सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गच्चीवर किती बसेल?" सगळा घोटाळा या प्रश्नापासूनच सुरू होतो. आधी विचारायला हवं, "आपल्याला वर्षाला किती युनिट लागतात?" गच्ची मोकळी आहे म्हणून पॅनेल भरणं आणि घर मोठं आहे म्हणून सात टाक्या बांधणं सारखंच.

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासला असते तशी 36 फ्लॅटची इमारत डोळ्यांपुढे आणा. एक लिफ्ट, 5 एचपीची बोअरची मोटर, खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारा पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. हे सगळं कॉमन मीटरवर चालतं. एप्रिल ते मार्चच्या बिलांवरचे युनिट जोडले तर 14,400 भरतात. मंजूर भार 10 किलोवॅट. गच्ची मोठी आहे, म्हणून कंपनीवाला 20 किलोवॅटचं कोटेशन देतो आणि "बिल शून्य" असं लिहितो. कमिटीतल्या घाईवाल्यांना तेवढंच हवं असतं.

आता हिशोब करू. मराठवाड्यात 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट धरता येतात. धूळ, लिफ्टच्या खोलीची सावली आणि बंद पडलेले दिवस यांसाठी त्यातून 10 टक्के कापायचे. कंपनीवाले कापत नाहीत, म्हणून आपण कापायचे. मग 10 किलोवॅटला 12,600 युनिट होतात आणि 20 किलोवॅटला 25,200. आपली गरज मात्र 14,400 चीच आहे.

किंमत दरवर्षी हलते, म्हणून पुढचे भाव केवळ हिशोबासाठी धरलेले आहेत. उंच स्ट्रक्चरसकट 10 किलोवॅटला किलोवॅटमागे 55,000 रुपये धरले तर 5.5 लाख होतात. 20 किलोवॅटला 50,000 धरले तर 10 लाख. सप्टेंबर 2025 मध्ये सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे जुनं कोटेशन पुढे सरकवणाऱ्याला नवा आकडा मागा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. 10 किलोवॅटला ते 1.8 लाख होतं, म्हणजे खिशातून 3.7 लाख जातात. 20 किलोवॅटला 3.6 लाख अनुदान आणि खिशातून 6.4 लाख. (एकट्या घराला मिळणारे 78,000 रुपये वेगळे. तो आकडा सोसायटीच्या हिशोबात घालू नका. सर्रास घातला जातो.)

बचतीसाठी एका युनिटमागे सगळं मिळून 12 रुपये वाचतात असं धरू. तुमचा आकडा तुमच्या बिलावरून काढा: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवरचं वीज शुल्क एवढंच धरायचं. बरेच जण अख्ख्या बिलाला युनिटने भागून दर काढतात. त्यात स्थिर आकारही येतो आणि तो सोलर लावल्यावरही द्यावाच लागतो. म्हणून "बिल शून्य" ही थापच आहे.

10 किलोवॅटवर 12,600 युनिट गुणिले 12, म्हणजे सुमारे 1.51 लाख. साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीला 15,000 वजा केले तर 1.36 लाख उरतात. 3.7 लाख पावणेतीन वर्षांत सुटतात. 20 किलोवॅटवर मात्र 14,400 युनिटच 12 रुपयांच्या भावाने वाचतात. उरलेले 10,800 युनिट महावितरण वर्षाअखेरीस फार कमी दराने घेतं. इथे 3 रुपये धरू. दोन्ही मिळून सुमारे 2.05 लाख, त्यातून देखभालीचे 25,000 गेले तर 1.8 लाख. म्हणजे जास्तीच्या 10 किलोवॅटसाठी खिशातले 2.7 लाख आणखी घातले आणि वर्षाला मिळाले जेमतेम 44,000. ते सुटायला सहा वर्षं. शिवाय 20 किलोवॅटच्या प्लांटसाठी मंजूर भारही 10 वरून 20 करावा लागला. 10 किलोवॅटच्या वरच्या भारावर घरगुती बिलात जादा स्थिर आकार लागतो, तो या हिशोबात अजून धरलेलाच नाही.

आणखी एक गोष्ट सभेत कुणी बोलत नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणून सोलर आधी सगळ्यात महाग टप्प्यातले युनिट खातं. शेवटचे किलोवॅट मात्र शंभर युनिटच्या आतल्या स्वस्त टप्प्यातले युनिट वाचवायला लागतात. म्हणून गरजेच्या 85 ते 90 टक्क्यांवर थांबावं. बिल शून्यावर आणायचा हट्ट महागात पडतो.

31 मार्च विसरणं

नेट मीटर म्हणजे आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर. त्यात जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की खातं साफ होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन स्वच्छ असतं, वीज भरपूर तयार होते आणि शिल्लक साठते. मग 31 मार्चला ती कमी भावात जाते. त्यानंतर लगेच एप्रिल-मे येतो. बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं, मोटर जास्त वेळ चालते आणि नेमका तेव्हा साठा रिकामा. म्हणून जानेवारी ते डिसेंबरची बिलं घेऊन क्षमता ठरवू नका, एप्रिल ते मार्चचीच घ्या. आणि एकाच वर्षावर विसंबू नका. ज्या वर्षी बोअर आटला आणि टँकर आले, त्या वर्षी बोअरच्या मोटरचे युनिट कमी दिसतात. ते पाहून क्षमता ठरवली तर पुढच्या चांगल्या पावसाच्या वर्षी कमी पडेल. तीन वर्षांची बिलं काढा आणि दुष्काळाचं वर्ष बाजूला ठेवा.

मीटर कुणाच्या नावावर आहे?

अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच. इमारत होऊन दहा वर्षं झालेली असतात, पण कॉमन मीटरच्या बिलावर अजून बिल्डरचंच नाव असतं. आधी सोलर बसवून नंतर नाव बदलू, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. अर्जदार, वीज ग्राहक आणि बँक खातं या तिन्ही ठिकाणी नाव एकच लागतं. अनुदान प्लांट सुरू झाल्यावर सोसायटीच्या खात्यातच येतं.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा थकबाकी भरा आणि नोंदणी प्रमाणपत्र घेऊन उपविभाग कार्यालयात नाव बदलायचा अर्ज द्या. बिल्डरची संमती त्याच्याशी गोड बोलून लवकर मिळवा, भांडण झाल्यावर ती मिळत नाही. मग सर्वसाधारण सभेत ठराव करा. त्यात क्षमता, खर्च, पैसे कुठल्या निधीतून येणार आणि सही कोण करणार हे चारही मुद्दे असू द्या. "सोलर बसवण्यास मंजुरी" एवढ्या एका ओळीच्या ठरावावर पुढे वाद होतात. गच्चीचा हक्क बिल्डरने स्वतःकडे ठेवलेला नाही ना, हे करारनाम्यात वाचून घ्या.

त्यानंतर pmsuryaghar.gov.in वर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची. 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अहवाल लागत नाही, तो मान्य धरला जातो. वरच्या दोन पर्यायांपैकी 10 किलोवॅटचा निवडायचं हे आणखी एक कारण. मग नोंदणीकृत कंपनी निवडा आणि करार, काम, नेट मीटर, तपासणी हा क्रम ठेवा. प्लांट सुरू झाल्याचा दाखला आला की बँकेचा तपशील भरा.

"अनुदान आम्हीच घेतो, तुम्ही फक्त उरलेले पैसे द्या" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे चहा पाजून पाठवा.

नेट मीटरच्या आधी बटण दाबणं

प्लांट उभा राहिला की कंपनीचा माणूस "चालू करून दाखवतो" म्हणतो. नको. काही साधे मीटर उलट जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. दुपारी लिफ्ट रिकामी असते, सगळी वीज बाहेर जाते आणि बिल वाढून येतं. मग तक्रार, चौकशी आणि महिने. नेट मीटर बसून तपासणी होईपर्यंत इन्व्हर्टर बंदच असावा. सुरू झाल्यावर पहिल्या बिलावर आयात, निर्यात आणि पुढे जमा युनिट असे तीन आकडे दिसतात का ते पाहा. ते दिसले नाहीत तर त्याच आठवड्यात अर्ज द्या.

गच्चीला भोकं

आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्यातून खिळे किंवा अँकर घातले की पाणी कोब्यात शिरतं आणि पावसाळ्यात कुठूनही बाहेर पडतं. दोष मग वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या छतावर दिसतो. काँक्रीटचे वजनी ठोकळे घालून त्यावर स्ट्रक्चर उभं करायला लावा. 10 किलोवॅटला 540 वॉटचे 19 पॅनेल लागतात आणि चालायच्या जागेसकट साधारण 1,000 चौरस फूट गच्ची जाते. टाक्यांजवळ आणि लिफ्टच्या खोलीच्या उत्तरेला पॅनेल लावू नका, डिसेंबरात सावली तिथे लांब पडते.

बोअरच्या पाण्याने धुणं

जड पाणी पॅनेलवर वाळलं की पांढरा थर बसतो, तो कापडाने जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात उत्पादन घसरतं आणि दोष पॅनेलला दिला जातो. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा कमी क्षारांचं पाणी वापरा. पहाटे धुवा आणि रबरच्या वायपरने लगेच पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी कधीच टाकू नका.

लाईट गेली की सोलरवर लिफ्ट चालेल असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून साधा ग्रिड इन्व्हर्टर वीज जाताच स्वतः बंद होतो. जनरेटर असेल तर सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूला हवी. नाहीतर सोलर जनरेटरमध्ये वीज ढकलतं.

अनुदान हवं असेल तर पॅनेल डीसीआर असले पाहिजेत, म्हणजे आतले सेलही भारतात बनलेले. ते जरा महाग असतात. कोटेशनवर तसं लिहून घ्या. माल आला की प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक कागदाशी जुळवा, मगच तो गच्चीवर चढवू द्या. एकोणीस आकडे वाचायला वीस मिनिटं लागतात. खजिनदाराने स्वतः उभं राहून वाचावेत.