बीपीसाठी मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी आणि फिश ऑइल घेताय? या चुका टाळा

काकांनी टेबलावर तीन बाटल्या ओळीने मांडल्या आणि शेजारी वही उघडून ठेवली. पहिल्या पानावर 158/96, सहा आठवड्यांनंतरच्या पानावर 146/90. मधल्या काळात रोज एक मॅग्नेशियम, एक व्हिटॅमिन डी, एक फिश ऑइल. "बारा अंकांनी उतरलं बघ. आता ती बीपीची गोळी कशाला घ्यायची?"

औषधांच्या चाचण्या वाचणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. काकांच्या त्या एका वहीत जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका होत्या.

दोन आकड्यांची वजाबाकी

पहिला आकडा दवाखान्यातला होता, दुसरा घरच्या मशिनवरचा. दवाखान्यात बीपी थोडं चढतंच, काहींचं तर चांगलंच चढतं. त्यामुळे ही वजाबाकी दोन वेगळ्या ठिकाणच्या मोजमापांची झाली. तिच्यातून गोळीचा गुण काढता येत नाही.

शिवाय माणूस नवा उपाय कधी सुरू करतो? आकडा नेहमीपेक्षा जास्त आला आणि धास्ती बसली की. असा चढा आकडा पुढच्या वेळी आपोआपच नेहमीच्या पातळीकडे सरकतो. काही घेतलं नाही तरी सरकतो. म्हणूनच चांगल्या चाचणीत अर्ध्या लोकांना दिसायला तशीच, पण आत काहीच नसलेली गोळी देतात. त्या गटाचंही बीपी बऱ्याचदा उतरतं. गोळीच्या नावावर जमा होतो तो फक्त दोन्ही गटांतला फरक. काकांकडे असा दुसरा गट नव्हता, आणि घरी कुणाकडेच नसतो.

घरी निदान मोजमाप तरी नीट करता येतं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. त्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्टा आकडा खोटाच वाढवून दाखवतो. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्या 24 नोंदींची सरासरी काढायची. हा तुमचा एक आकडा.

बाटलीवरचा मोठा आकडा वाचणं

काकांच्या मॅग्नेशियमच्या बाटलीवर ठळक अक्षरांत 500 मिलिग्रॅम लिहिलं होतं. बाटली फिरवून बघितली तर ते 500 मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेट होतं. या क्षारात निव्वळ मॅग्नेशियम साधारण 14 टक्के असतं, म्हणजे गोळीत 70 मिलिग्रॅमच्या आसपास. सायट्रेटमध्ये ते साधारण 16 टक्के असतं, ऑक्साइडमध्ये 60. ऑक्साइड ऐकायला भारी वाटतं, पण ते आतड्यात कमी शोषलं जातं आणि पोट ढिलं करण्यात पटाईत आहे. काही कंपन्या पुढेच निव्वळ मॅग्नेशियमचा आकडा देतात, काही क्षाराचं वजन देतात. म्हणून मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता चाचण्यांत काय दिलं होतं ते बघा. 2016 साली 34 चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, त्यांत मिळून 2,028 माणसं होती. निव्वळ मॅग्नेशियमचा मधला डोस दिवसाला 368 मिलिग्रॅम, मधला कालावधी तीन महिने. फरक आला तो वरच्या आकड्यात सुमारे 2 अंकांचा आणि खालच्यात त्याहून किंचित कमी. काका त्या डोसाचा पाचवा हिस्सा घेऊन सहापट गुणाची अपेक्षा करत होते. चाचण्या लहान होत्या, त्यांची धाटणीही एकमेकींशी जुळणारी नव्हती, म्हणून त्या 2 अंकांवरसुद्धा पैज लावण्याइतका भरवसा मला नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2022 मध्ये मॅग्नेशियम आणि बीपीचा दावा लेबलवर छापायला मुभा दिली, पण पुरावा एकसारखा आणि निर्णायक नाही हे सोबत लिहिण्याच्या अटीवर.

फिश ऑइलमध्ये ही गल्लत आणखी मोठी होते. बाटलीवर 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. कामाचे घटक दोनच, ईपीए आणि डीएचए. साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 180 आणि 120 मिलिग्रॅम असतात, बेरीज 300. बाकीचं सातशे मिलिग्रॅम नुसतंच तेल. 2022 मध्ये 71 चाचण्यांचा, जवळपास पाच हजार माणसांचा हिशेब मांडला गेला. त्यात ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला 2 ते 3 ग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा आकडा सुमारे अडीच अंकांनी कमी आला. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं होतं त्यांच्यात 3 ग्रॅमला साडेचारच्या आसपास. तीन बाटल्यांतला त्यातल्या त्यात खराखुरा परिणाम हाच. पण 2 ग्रॅम गाठायला साध्या सात कॅप्सूल लागतात. काका एक घेत होते.

"मग मी सात घेतो"

काकांचं पुढचं वाक्य हेच होतं, आणि मला खरी काळजी याचीच वाटते.

ईपीए आणि डीएचए यांनाच ओमेगा-3 म्हणतात. त्यांच्या मोठ्या चाचण्यांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा एक विकार, एट्रियल फिब्रिलेशन, वरचेवर जास्त दिसला आहे. 2021 मध्ये अशा सात चाचण्या, 81 हजारांवर माणसं, एकत्र तपासली गेली. दिवसाला 1 ग्रॅमपर्यंत ओमेगा-3 घेणाऱ्यांत हा धोका 12 टक्क्यांनी जास्त होता, त्याहून मोठ्या डोसात 49 टक्क्यांनी. म्हणजे बीपी उतरवणारा डोस आणि धोका वाढवणारा डोस एकाच रांगेत उभे आहेत. हा विकार झाला की पक्षाघाताची शक्यता वाढते, आणि बीपी उतरवायचं ते मुख्यतः पक्षाघात टाळायलाच. छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणं, विनाकारण दम लागणं, यातलं काही सुरू झालं तर कॅप्सूल आणखी वाढवायची नाही, डॉक्टरांना सांगून ईसीजी काढायचा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मोठा डोस सुरू करण्याआधीच विचारायचं.

मॅग्नेशियम जास्त झाल्याची वर्दी पोटच देतं, जुलाब लागतात. अमेरिकेत गोळ्यांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला 350 मिलिग्रॅम धरली आहे, ती याच त्रासावरून. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्र गंमत नाही, कारण जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम त्यांचंच. ते रक्तात साठत गेलं तर स्नायू ढिले पडतात, बीपी फार खाली जातं, ठोके मंदावतात. त्यामुळे मूत्रपिंडं कशी चालताहेत हे सांगणारा रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा माहीत नसताना मोठा डोस नको. थायरॉइडची गोळी किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर मॅग्नेशियम त्यांच्यापासून काही तास लांब ठेवावं लागतं, नाहीतर ती औषधं आतड्यातच अडकून बसतात.

जाता जाता एक: पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत तो फेस यावा म्हणून सोडियमचा क्षार घालतात. बीपीसाठी मॅग्नेशियम घ्यायचं आणि सोबत सोडियमही प्यायचं, हा उलटा व्यवहार आहे. लेबलवर सोडियम किती ते बघा.

व्हिटॅमिन डी कमी आहे, म्हणून बीपी वाढलंय

काकांच्या रिपोर्टमध्ये डी खरंच कमी होतं, त्यामुळे ही समजूत मोडणं सगळ्यात अवघड गेलं. ती हवेतून आलेली नाही. डी कमी असलेल्या लोकांत बीपी जास्त आढळतं हे कितीतरी पाहण्यांत दिसलंय. उंदरांमध्ये डीची वाट बंद केली की बीपी चढवणारं रेनिन वाढतं, हेही प्रयोगशाळेत दिसलंय. पण वजन जास्त असणारा, घरात बसून असणारा, आधीच आजारी असणारा माणूस उन्हात कमी जातो. त्याचं डी कमी असतं आणि बीपीही जास्त. दोन्ही सोबत राहतात, म्हणून एकाने दुसऱ्याला आणलं असं होत नाही.

याची नीट परीक्षा डेलाइट नावाच्या चाचणीत झाली, 2015 मध्ये. त्यांनी 534 माणसं घेतली, सगळी 18 ते 50 वयातली, डी कमी असलेली, बीपी थोडं चढलेलं आणि त्यावर औषध नसलेली. म्हणजे गुण यायचाच असेल तर इथेच यावा अशी निवड. निम्म्यांना रोज 4000 युनिट, निम्म्यांना फक्त 400, सहा महिने. मोजमापही 24 तास दंडावर बांधायच्या यंत्राने. मोठ्या डोसात वरचा आकडा 0.8 ने उतरला, छोट्या डोसात 1.6 ने. हा फरक योगायोगापलीकडचा नव्हता. त्याच वर्षी 46 चाचण्यांचा एकत्र हिशेब आला, त्यातही वरच्या आकड्यातला फरक शून्य.

डी फारच कमी असेल तर हाडांसाठी ते भरून काढावं, त्यात वाद नाही. पण बीपीच्या खात्यात ते मांडू नये. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाते तेव्हा तर उलटंच होतं: रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, खूप तहान, बद्धकोष्ठ सुरू होतं आणि बीपी चढूही शकतं. क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणखी लवकर वाढतं.

बीपीची गोळी सोडणं

2003 च्या एका मोठ्या हिशेबात 354 चाचण्या घेतल्या होत्या. बीपीचं कुठलंही एक औषध नेहमीच्या डोसात वरचा आकडा सरासरी 9 अंकांनी उतरवतं, अर्ध्या डोसातही 7 ने, असं त्यात निघालं. त्याच्या जागी 2 अंकांची, तीही काहीशी अनिश्चित, वस्तू बसवायची म्हटलं तर 5 ते 7 अंक परत चढणारच. त्यातून काही औषधं एकदम थांबवली की बीपी उसळतं.

काकांना इतकंच सुचवलं, की गोळी चालू ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा. ती 143/88 आली. मग डॉक्टरांना विचारून मॅग्नेशियम आणि फिश ऑइल दोन महिने बंद ठेवलं, पुन्हा सात दिवस मोजलं: 144/88. एका माणसाच्या वहीतून एक-दोन अंकांचा फरक ओळखता येत नाही, त्यामुळे याचाही फार अर्थ लावू नये. पण बारा अंक बाटल्यांनी उतरवले असते तर ते इथे परत चढलेले दिसले असते.

मग ते उतरलं कशाने? डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी विचारलं, "गोळी रोज घेत होता?" काका जरा घुटमळले. आधी आठवड्यातून दोन-तीनदा राहून जायची. बाटल्या आल्यापासून सकाळच्या चहाबरोबर चारही गोळ्या एकदम घ्यायची सवय लागली होती, बीपीचीसुद्धा. वहीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.