जीपीयू वर्कस्टेशनसाठी निधी मागणारं पत्र : लॅब इनचार्जनी या चुका टाळा

निधी मागणारी बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून…’ झालं की एक परिच्छेद कृत्रिम बुद्धिमत्तेचं महत्त्व सांगतो, त्याखाली विक्रेत्याच्या कोटेशनमधून जशीच्या तशी उतरवलेली स्पेसिफिकेशन येते आणि शेवटी ‘तरी मंजुरी मिळावी ही विनंती’. खरेदी समितीत तांत्रिक माणूस नसेल तर पत्र ‘इतकं महाग का?’ या प्रश्नावर अडतं. असेल तर तो विचारतो, ‘मेमरी २४ जीबीच का? १६ का नाही? ४८ का नाही?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर पत्रात नसतं, कारण मशीन आधी ठरलेलं असतं आणि काम नंतर शोधलेलं असतं.

मूळ चूक हीच. पत्राची दिशा उलटी हवी: विद्यार्थी काय करणार, त्याला कार्डवर किती मेमरी लागते, किती तास लागतात आणि म्हणून कोणतं मशीन. बाकीच्या चुका यातूनच निघतात.

‘एलएलएम ट्रेनिंगसाठी’ असं मोघम लिहिणं

हे दोन शब्द पत्रात आले की जाणकार सदस्य लगेच कान टवकारतो. ७ अब्ज पॅरामीटर्सचं मॉडेल घ्या. १६ बिटमध्ये त्याचे वेट्सच १४ जीबी होतात. नेहमीच्या मिक्स्ड प्रिसिजन पद्धतीने आणि अ‍ॅडम ऑप्टिमायझर वापरून पूर्ण मॉडेल फाइन-ट्यून करायचं, तर वेट्स, ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझरच्या नोंदी धरून प्रत्येक पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट लागतात. म्हणजे ११२ जीबी. २४ जीबीच्या कार्डावर हे बसणारच नाही. मग पत्रातलं कारण आणि मागितलेलं मशीन यांचा मेळ बसत नाही, आणि पत्र परत येतं ते याच मुद्द्यावर.

विद्यार्थी प्रत्यक्षात करतात ते वेगळं असतं. मूळ मॉडेल ४ बिटमध्ये गोठवून ठेवायचं आणि त्यावर छोटे लोरा अ‍ॅडॉप्टर शिकवायचे, ही क्यूलोरा पद्धत. तिथे ७ अब्जांचे वेट्स साडेतीन जीबीच्या आसपास येतात. त्यावरचा बहुतेक खर्च अ‍ॅक्टिव्हेशनचा, म्हणजे ट्रेनिंग चालू असताना साठवाव्या लागणाऱ्या मधल्या निकालांचा असतो आणि तो मजकुराच्या लांबीवर व बॅचवर वाढतो. म्हणून ‘एलएलएम ट्रेनिंग’ऐवजी लिहावं: ‘७ अब्ज पॅरामीटर्सपर्यंतच्या मॉडेलचं क्यूलोरा पद्धतीने फाइन-ट्यूनिंग, मजकुराची लांबी २०४८ टोकनपर्यंत.’ या एका वाक्यात मागणी बांधली जाते. हेच काम ५१२ टोकनवर १६ जीबीत चालतं आणि २०४८ वर अडतं, असं दाखवता आलं की ‘१६ का नाही’ हा प्रश्न तिथेच मिटतो.

पुरावा म्हणून चुकीचा स्क्रीनशॉट जोडणं

सध्याचं कार्ड अपुरं पडतं हे दाखवायला `nvidia-smi` चा स्क्रीनशॉट जोडलेला असतो आणि त्यात मेमरी भरलेली दिसते. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. टेन्सरफ्लो तर सुरुवातीलाच कार्डावरची जवळजवळ सगळी मेमरी ताब्यात घेतं, मॉडेल कितीही लहान असो. पायटॉर्चही मोकळी झालेली मेमरी पुढच्या वापरासाठी स्वतःकडे राखून ठेवतं, त्यामुळे `nvidia-smi` वरचा आकडा खऱ्या गरजेपेक्षा मोठा दिसतो. हे ठाऊक असलेला एखादा सदस्य समितीत असला, तर तो तो कागद बाजूला ठेवून देतो.

खरी गरज प्रोग्राममधूनच मोजायची:

```
torch.cuda.reset_peak_memory_stats()
# इथे ट्रेनिंगचे काही बॅच चालवा
print(torch.cuda.max_memory_allocated() / 1024**3)
```

‘पण मोठं कार्ड नाहीच, मग मोठ्या बॅचची गरज मोजायची कशी?’ असा प्रश्न इथे येतो. जुन्या ६ जीबीच्या कार्डावरही ती मोजता येते. समजा, वस्तू ओळखण्याच्या प्रकल्पात बॅच २ ला ३.१ जीबी आणि बॅच ४ ला ४.३ जीबी लागले. दोन चित्रं वाढली आणि १.२ जीबी वाढले, म्हणजे चित्रामागे ०.६. स्थिर भाग ३.१ वजा १.२, म्हणजे १.९. बॅच १६ ला लागणार १.९ अधिक ९.६, म्हणजे ११.५ जीबी. या मोजणीत कूडाची स्वतःची जागा येत नाही, म्हणून वर एक-दीड जीबी धरा: १३ जीबी. वाढ अगदी सरळ रेषेत होईलच असं नाही. तेव्हा शक्य असेल तर बॅच ६ चं तिसरं मोजमाप घेऊन अंदाज ताडून पाहावा. तीन ओळींचा हा तक्ता पत्राला जोडला की तो दहा स्क्रीनशॉटपेक्षा जास्त बोलतो.

`CUDA out of memory` हा संदेश पुरावा म्हणून जोडायचा असेल, तर कोणत्या बॅचला आणि कोणत्या रिझोल्यूशनला आला ते खाली लिहा. नाहीतर समोरचा म्हणेल, ‘बॅच कमी करा.’ आणि तो बरोबरच असेल!

तासांचा हिशोब न मांडणं

मेमरी सांगते की काम होईल की नाही. तास सांगतात की सगळ्यांचं होईल की नाही. ‘विद्यार्थी संख्या १२०’ असं पत्रात लिहिलेलं असतं, पण १२० विद्यार्थी एकदम कार्ड वापरत नाहीत आणि एका कार्डावर एकावेळी एकच गंभीर ट्रेनिंग नीट चालतं.

उदाहरण घेऊ. १२ गट आहेत. आठ चित्रांवर काम करतात, दोन आवाजावर, दोन भाषेवर. चित्रांच्या गटाला चुका, फेरबदल धरून ३० तास लागतात, आवाजाच्या गटाला ४०, भाषेच्या गटाला ६०. बेरीज २४० अधिक ८० अधिक १२०, म्हणजे ४४० तास. सत्र मोठं असलं तरी खरं ट्रेनिंग शेवटच्या आठ आठवड्यांतच होतं, हे कुठल्याही लॅब इनचार्जला सांगायला नको. म्हणजे आठवड्याला ५५ तास.

आता लॅब रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस उघडी असेल, तर हातात ४८ तासच आहेत. एक कार्ड पुरणार नाही. मशीन रात्रंदिवस चालू राहिलं तर आठवड्याला १६८ तास मिळतात आणि तेच कार्ड एक तृतीयांशच वापरलं जातं. शेवटच्या दोन आठवड्यांत निम्मं काम, म्हणजे २२० तास एकदम आले, तरी ३३६ तासांत ते बसतं.

हा हिशोब मांडल्यावर पत्रातली मागणीच बदलते. दुसऱ्या कार्डाऐवजी रात्री मशीन चालू ठेवण्याची परवानगी, लिनक्सवर दूरस्थ लॉगिन आणि गटवार रांग, एवढं मागावं लागतं. त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. माझ्या मते पत्रातला सगळ्यात वजनदार परिच्छेद हाच, कारण कमी मागून जास्त वापर दाखवणारं पत्र समितीसमोर क्वचितच येतं. सध्याच्या मशीनचा वापर दाखवायचा असेल तर आठवडाभर ही नोंद चालू ठेवा आणि आलेखाचं एक पान जोडा:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,utilization.gpu,memory.used --format=csv -l 60
```

एक खबरदारी. यातली टक्केवारी म्हणजे कार्डावर काहीतरी चालू होतं तो वेळ. कार्डाची ताकद किती वापरली गेली हे तिच्यातून कळत नाही. आणि ती सतत ३०-४० टक्क्यांवर अडकत असेल, तर डेटा वाचणं मागे पडतंय का ते आधी तपासा. तसं असेल तर दुखणं डिस्कचं किंवा प्रोसेसरचं आहे आणि नवं कार्ड आणूनही ते तसंच राहील.

दोन लहान कार्डं म्हणजे एक मोठं, असं धरणं

१२ जीबीची दोन कार्डं घेतली की २४ जीबी झाले, असं काही पत्रांत लिहिलेलं असतं. तसं आपोआप होत नाही. मॉडेल दोन कार्डांत वाटता येतं, पण त्यासाठी कोड तसा लिहावा लागतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा निम्मा प्रकल्प त्यातच जातो. दोन कार्डांचा खरा फायदा दोन गट एकावेळी काम करू शकतात हा. तुमची अडचण रांगेची असेल तर दोन घ्या, मॉडेल न बसण्याची असेल तर एकच मोठं.

कार्डाचं नाव लिहून मेमरी विसरणं, किंवा उलट

नुसतं ‘आरटीएक्स ४०६० टीआय किंवा समतुल्य’ लिहिलं तर ८ जीबीचं कार्ड येऊ शकतं, कारण त्याच नावाने ८ आणि १६ जीबी अशी दोन कार्डं निघाली आहेत. तसंच ‘आरटीएक्स ४०९०’ डेस्कटॉपला २४ जीबीचं आहे आणि लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली १६ जीबी. बरं, फक्त ‘२४ जीबी’ लिहिलं तर जुन्या पिढीचं कार्ड गळ्यात पडतं, ज्यावर बीफ्लोट१६ थेट चालत नाही आणि विद्यार्थ्यांच्या अर्ध्या नोटबुक अडतात.

म्हणून गुण लिहा: कूडा चालणारं, कॉम्प्युट कॅपेबिलिटी ८.० किंवा वर, मेमरी किमान २४ जीबी, स्वतःचा पंखा असलेलं. शेवटची अट चेष्टा वाटेल, पण सर्व्हरसाठीच्या अनेक कार्डांना पंखा नसतो. ती सर्व्हरच्या जोरदार हवेवर थंड राहतात आणि टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये तापून वेग कमी करतात. कूडाची अट एकाच कंपनीकडे झुकते, हा आक्षेप येणारच. त्याचं उत्तर पत्रातच एका ओळीत द्या: अभ्यासक्रमातल्या कोणत्या लायब्ररी कूडावर अवलंबून आहेत ते नावांनिशी.

वीज आणि उष्णता शेवटच्या ओळीत ढकलणं

४५० वॉटचं कार्ड आणि बाकी मशीन २५० धरलं तर ७०० वॉट. पॉवर सप्लायचं नुकसान धरून भिंतीतून ७८० च्या आसपास. पॉवर फॅक्टर ०.६ असलेला १ केव्हीएचा यूपीएस फक्त ६०० वॉट देतो, म्हणजे पहिल्याच रात्री मशीन बंद. यूपीएस वॉटमध्ये मागा आणि याच पत्रात मागा, पुढच्या वर्षीच्या पत्रात नको. खोली बंद असेल तर रात्री ही सगळी वीज उष्णता होऊन तिथेच राहते, हेही लिहा. आणि १००० वॉटच्या पॉवर सप्लायशेजारी ‘भविष्यात दुसरं कार्ड बसवता येईल’ असं लिहू नका. तसलंच दुसरं कार्ड आलं की मशीन एकटं ११५० वॉट मागेल.

तपासणीची अट न घालणं

पत्राच्या जोडपत्रात मशीन स्वीकारताना काय पाहायचं ते लिहून ठेवा, म्हणजे ते खरेदी आदेशातही जातं. कार्डाचं नाव आणि मेमरी `nvidia-smi` मध्ये पाहणं, ज्या प्रकल्पावर गरज मोजली तोच बॅच १६ ला चालवणं आणि पूर्ण भारावर चार तास ठेवून तापमान व वेग नोंदवणं, एवढं पुरतं. चौथ्या तासाला एका बॅचला लागणारा वेळ पहिल्या तासापेक्षा ठळकपणे वाढला असेल, तर कॅबिनेटमधली हवा कमी पडतेय. पैसे चुकते करण्याआधी ते विक्रेत्याकडून दुरुस्त करून घ्या.