टबातली केळ: मुनवा आणण्याआधीपासून घड उतरवेपर्यंतची तयारी

केळ टबात लावायची तर पहिली तयारी जागेची, कारण भरलेला टब पुन्हा हलत नाही. दोनशे लिटरचा निळा ड्रम मधोमध आडवा कापला की प्रत्येकी शंभर लिटरचे दोन टब होतात. उंची जेमतेम दीड फूट, पण तोंड चांगलं रुंद. केळीला तेच हवं असतं, कारण तिची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात. खोल आणि अरुंद कुंडी घेतली की मुळं कडेला गोल फिरत बसतात आणि झाड वाऱ्याने डुलायला लागतं. ओल्या मातीसकट हा टब दीडशे किलोच्या आसपास जातो, म्हणून तो गच्चीच्या मधोमध नको; खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे, चार विटांवर ठेवा. दिवसातलं सहा तास ऊन आणि पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा, एवढं पाहा. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी सांगून ठेवा. झाड सहा फुटी झाल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

तळाशी आणि तळाजवळच्या कडेला बोट जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा. मातीत दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग भिजवलेलं कोकोपीट. त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड. टब काठोकाठ भरू नका, वर चार बोटं रिकामी ठेवा. केळीचा कंद वाढताना वर वर येतो आणि माती मात्र बसत जाते, त्यामुळे सहा महिन्यांनी भर घालायला ही जागा लागतेच.

आता वाण. टबासाठी बसराई घ्या, ती बुटकी असते. वेलची चवीला कितीही आवडत असली तरी तिचं खोड उंच जातं, आणि उंच खोडावर घड लटकला की गच्चीच्या वाऱ्यात टबासकट कलंडतं. कोकणातली राजेळी तर अंगणातच शोभते.

मुनवा, म्हणजे केळीच्या बुडातून फुटलेलं पिल्लू, निवडणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे घाई होते कारण कोणीतरी फुकट देत असतं. केळीच्या बुडाशी दोन प्रकारचे मुनवे दिसतात. एकाची पानं तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, टोकदार, आणि खोड खाली जाड, वर निमुळतं. दुसऱ्याला लहानपणापासूनच रुंद पानं असतात. दिसायला तोच मोठा वाटतो, पण त्याचा कंद उथळ आणि बारीक असतो. घ्यायचा तो तलवारीवाला, तीन-चार महिन्यांचा, कंद अर्धा ते पाऊण किलोचा, उभट. मुनव्याइतकीच त्याच्या आईकडेही नजर टाका. तिची वरची पानं आखूड होऊन झुपक्यासारखी उभी राहिली असतील तर तो पर्णगुच्छ. पानावर पिवळसर पट्टे उमटून पान चिंबलेलं दिसत असेल तर रावेर-यावलकडे ज्याला हरण्या म्हणतात तो रोग. दोन्ही विषाणूजन्य आहेत, मुख्यतः मुनव्यातून घरी येतात आणि नंतर त्यांच्यावर औषध नाही. अशा बागेतून काही घेऊ नका.

रावेरला माझ्या मामाची केळी आहे. तो मुनवा काढतो तेव्हा आधी बुडाची माती हाताने बाजूला करतो, मग आईच्या आणि पिल्लाच्या मधोमध पहार घालून एका दणक्यात सोडवतो, म्हणजे कंद अख्खा येतो. घरी आणल्यावर मुळ्या छाटा आणि कंदाची साल चाकूने पातळ तासा. आतला भाग पांढरा, कोरडा हवा. तपकिरी बोगदे दिसले तर सोंडकिडा आहे. तो कंद फेकूनच द्या, टबात कशाला पाहुणा? नंतर दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून कंद अर्धा तास बुडवा. हातमोजे घाला आणि ती बादली पुन्हा घरात वापरू नका. मग खोड कंदापासून वीतभर ठेवून आडवं कापा. दुसऱ्या दिवशी त्या कापावर मधला गाभा थोडा वर आलेला दिसेल. कंद जिवंत असल्याची ती खूण. नाहीच आला तर वाट पाहा, पण कापाला कुजका वास येत असेल तर आशा सोडा.

लावायला जूनचा मध्य चांगला. कंद मातीखाली पूर्ण जाईल आणि वर चार बोटं माती येईल एवढा खोल ठेवा. पहिले पंधरा दिवस पाणी बेतानं घाला, कारण मुळंच नसलेला कंद पाणी पिऊ शकत नाही, तो कुजतो. पावसाळ्यात टबाची भोकं बुजली नाहीत ना, एवढंच बघायचं. एप्रिल-मे महिन्यांत मात्र रोज दहा ते पंधरा लिटर लागतं, तेव्हा नळी पोचते का ते आधीच पाहून ठेवा.

खताबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. घडात किती फण्या असतील हे घड बाहेर दिसण्याच्या बरंच आधी, खोडाच्या आत ठरून गेलेलं असतं. त्यामुळे घड दिसल्यावर धावपळ करून खत घातलं तर फण्या वाढत नाहीत, फार तर आहेत त्या भरतात. खताचा खरा काळ म्हणजे लावल्यापासून दुसरा ते आठवा महिना. शेतात एका झाडाला वर्षभरात साधारण दोनशे ग्रॅम नत्र आणि तेवढंच पालाश देतात; टबात एवढं घातलं तर क्षार साठून पानांच्या कडा जळतात. मी दर पंधरा दिवसांनी दहा ग्रॅम युरिया आणि दहा ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पाण्यात विरघळवून खोडापासून वीतभर लांब घालतो, आणि महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत. थंडीत पान निघायचं मंदावतं, तेव्हा खतही निम्मं. बुडाशी येणारे सगळे मुनवे जमिनीलगत कापत राहा. टबात दोघांपुरतं अन्न नसतं.

उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी नवं पान उलगडायला हवं. मग एक दिवस नेहमीपेक्षा आखूड, रुंद पान येतं आणि त्यानंतर पोंगा, म्हणजे नव्या पानाची गुंडाळी, येत नाही. हीच निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, जवळ आल्याची खूण, आणि बांबूची तयारी याच आठवड्यात करायची. दोन बांबू वर कैचीसारखे बांधून घड ज्या बाजूला झुकेल त्या बाजूने खोडाला टेकवा. सुतळी घडाच्या दांड्याला नाही, खोडाला बांधा. निसवल्यावर झाडाला एकही नवं पान येत नाही, घड पोसायचा तो आहे त्याच पानांवर. आठ-दहा हिरवी पानं शिल्लक असतील तर चांगलं. करप्याचे डाग असलेलं पान अख्खं न काढता तेवढाच भाग कापा.

केळफूल खाली वळून एकेक पापुद्रा गळतो आणि फण्या उघड्या पडतात. शेवटच्या एक-दोन ओळींतली फुलं नुसतीच गळून पडली की फण्या संपल्या. तिथून वीतभर दांडा सोडून केळफूल कापा आणि त्याची भाजी करा. घड निसवला त्या दिवसाची तारीख टबाच्या कडेवर खडूने किंवा रंगाने लिहा. ही तारीख पुढे तुमची भांडणं मिटवेल.

माझ्या पहिल्या घडाचं असं झालं की सत्तराव्या दिवशी शेजारच्या काकूंनी, वहिनीने आणि स्वतः मी, तिघांनीही वरून बघून ‘झाला’ म्हटलं. केळी लांब आणि टपोरी दिसत होती. उतरवली, पोत्यात ठेवली, आठ दिवसांनी ती पिवळी होण्याऐवजी काळपट सुरकुतली आणि आत रबरासारखी राहिली. मामाला फोन केला तर त्याने एकच विचारलं, ‘अरे, धारा पाहिल्यास का?’

धारा म्हणजे केळ्याच्या अंगावरचे उभे कंगोरे. कोवळ्या केळ्याला ते हाताला टोचावेत इतके टोकदार असतात, आणि गर भरत गेला की बोथट होत होत केळं गोल होतं. पाहायचं ते वरून दुसऱ्या फणीतलं मधलं केळं. कडेचं केळं फसवतं. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवा. धार अजून जाणवते पण टोचत नाही, ही झाली लांबच्या बाजाराला पाठवायची अवस्था. घरी खायचं तर धार जवळजवळ हरवेपर्यंत थांबा. सोबत बाकीच्या खुणा जुळतात का बघा: गडद हिरवा रंग फिका होतो, केळ्याच्या टोकावरचं वाळलेलं फूल हात लावताच गळून पडतं, आणि एखादं केळं तोडलं तर चीक दुधासारखा घट्ट न येता पाण्यासारखा पातळ येतो. एकाच खुणेवर भरवसा नको. पाणी कमी पडल्यामुळेही रंग फिका पडतो.

दिवसांचा हिशेब निसवल्यापासून साधारण नव्वद ते एकशेवीस. पुढच्या वर्षीचा माझा घड 11 मे रोजी निसवला. नव्वदाव्या दिवशी धार बोटाला लागत होती, म्हणून थांबलो. मधले ढगाळ पावसाचे आठवडे त्याला कारण असावेत. 19 ऑगस्टला, म्हणजे बरोबर शंभराव्या दिवशी, दुसऱ्या फणीची केळी गोल झाली आणि उतरवला. पाच फण्यांचाच होता, पण सगळी केळी पिकली. दिवाळीच्या सुमारास निसवलेला घड थंडीत भरतो, त्याला याहून जास्त दिवस लागतील हे धरूनच चाला. उलट फार थांबणंही बरं नाही. वरच्या फणीतलं एखादं केळं झाडावरच पिवळं झालं की त्याच दिवशी घड उतरवा. झाडावर केळी तडकतात, आणि खारी-वटवाघळं तुमच्याआधी हिशेब ठेवून असतात.

उतरवायला माणसं दोन, धारदार कोयता एक, जुने कपडे दोघांनाही, कारण चिकाचे डाग धुऊन जात नाहीत. एकाने घडाचा दांडा धरायचा, दुसऱ्याने पहिल्या फणीच्या वर हातभर दांडा राखून कापायचा. घड जमिनीवर आपटू नका, केळीचीच पानं अंथरून त्यावर ठेवा. फण्या सुट्या करून घ्या, तुरटीच्या पाण्यात बुडवून चीक जाऊ द्या, निथळल्यावर सावलीत गोणपाटात अढी घाला. मध्ये दोन पिकलेली केळी ठेवली की बाकीची लवकर रंग धरतात. कार्बाइडची पुडी कोणी सुचवली तर नको म्हणा. फळं पिकवायला ती वापरण्यावर कायद्यानेच बंदी आहे.

खोड लगेच बुडातून काढू नका. निसवल्यानंतर बुडाशी एक तलवारीवाला मुनवा राखला असेल, तर आईचं खोड अर्ध्यावर कापून महिनाभर तसंच राहू द्या, त्यातलं पाणी आणि अन्न त्याला मिळतं. मग ते काढून टबात चार बोटं शेणखत-मातीची भर घाला.