वॉरंटीतला कीबोर्ड बिघडला? सर्व्हिस सेंटरला अर्ज देताना या चुका टाळा

‘माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड खराब झाला आहे, तरी दुरुस्त करून मिळावा ही विनंती.’ आमच्या टायपिंगच्या दुकानात असे अर्ज नेहमी येतात. भाषा नम्र असते, पण सेंटरवाल्याला त्यातून काहीच कळत नाही आणि पुढे वाद झाला तर तो कागद आपल्या बाजूनं बोलत नाही.

जुळे सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेऊ. लॅपटॉप 12 जून 2025 ला घेतलेला, वॉरंटी एक वर्षाची. 28 मे 2026 ला 1, Q, A, Z ही बटणं एकदम बंद पडली. तिनं आणलेल्या कच्च्या मसुद्यात होतं, ‘काही बटणं चालत नाहीत, कदाचित धूळ किंवा पाणी गेलं असेल.’

पहिली चूक ‘काही बटणं’ ही. कीबोर्डच्या आत बारीक वाहक रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण एका आडव्या व एका उभ्या रेषेच्या छेदावर बसतं. एक रेष तुटली किंवा कीबोर्ड आतल्या बोर्डाला जोडणाऱ्या पट्टीचा जोड सैल झाला, की त्या रेषेवरची सगळी बटणं मिळून गप्प होतात. म्हणून बंद बटणांची नावं लिहिली, की बिघाड साधारण कुठे आहे याचा अंदाज तंत्रज्ञाला बाहेरूनच येतो. बटण दाबल्यावर अक्षर मुळीच उठत नाही, दोनदा उठतं की जोरात दाबल्यावरच उठतं, हेही लिहा.

दुसरी चूक जास्त महागात पडते : कारणाचा अंदाज लिहिणं. साधारण वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, द्रव सांडल्याचं नुकसान तीत बसत नाही. ‘पाणी गेलं असेल’ हे आपल्याच सहीनं दिलं, की सेंटरला आणखी पुरावा कशाला लागतो? मात्र खरंच चहा सांडला असेल तर लपवू नका. बऱ्याच मशीनमध्ये ओल लागली की रंग बदलणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात, आणि झाकण उघडल्यावर डाग दिसतातच. या मुलीच्या बाबतीत काहीच सांडलं नव्हतं, ते वाक्य केवळ सवयीनं आलं होतं. ते काढलं.

त्याऐवजी घरी केलेली तपासणी लिहिली. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावल्यावर हीच चार बटणं नीट उठली, म्हणजे विंडोजवर संशय घ्यायला फारशी जागा नाही. मशीन सुरू होतानाच चालणारी कंपनीची हार्डवेअर चाचणी असेल तर तीही करावी, कारण तेव्हा विंडोज चालूच नसतं. एक गंमत लक्षात ठेवा : उजवं Shift आठ सेकंद दाबून राहिलं तर Filter Keys सुरू होतं आणि झटपट दाबलेली बटणं उठेनाशी होतात. ते बंद आहे ना, हे आधी पाहा, नाहीतर उगाच हेलपाटा.

अर्जाचा गाभा असा झाला :

> विषय : वॉरंटी काळात कीबोर्डची बटणं बंद पडल्याबाबत.
> महोदय, सदर लॅपटॉप (मॉडेल व सिरीयल नंबर सोबत) मी 12 जून 2025 रोजी खरेदी केला. 28 मे 2026 पासून 1, Q, A, Z ही बटणे अजिबात चालत नाहीत. बाहेरील कीबोर्डवर हीच बटणे चालतात. लॅपटॉप पडलेला नाही, त्यावर द्रव सांडलेला नाही व तो कोठेही उघडलेला नाही. वॉरंटीअंतर्गत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी. नकार असल्यास कारण छायाचित्रासह लेखी कळवावे.

सिरीयल नंबर तळाच्या लेबलवर असतो. लेबल पुसलं असेल तर पॉवरशेलमध्ये :

```
(Get-CimInstance Win32_BIOS).SerialNumber
```

बिलाची प्रत जोडाच. कंपनीच्या नोंदीत वॉरंटी कधी कधी माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली असते, आणि तिथे महिना-दीड महिना गेलेला दिसतो. ती तारीख बिल दाखवून दुरुस्त करून घेता येते.

तिसरी चूक : पोच न घेणं. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले आणि 12 जून उलटला, तर तक्रार मुदतीत केली होती हे सिद्ध कशानं करणार? दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि तक्रार क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी ई-मेल करा. सोलापुरातलं केंद्र मशीन पुण्याला पाठवणार असेल तर पाठवणीचा नंबरही मागा.

जॉबशीटवर सही करण्याआधी ‘मशीनची स्थिती’ हा रकाना वाचा. तिथे ‘द्रवाची शक्यता’ असं लिहिलं असेल तर समोरच आक्षेप नोंदवा. कीबोर्ड बऱ्याचदा वरच्या कव्हरला पक्का जोडलेला असतो आणि अख्खं कव्हर बदलावं लागतं, त्यामुळे वॉरंटी नाकारली की खर्च बराच येतो. मशीन देण्याआधी फाइलींची प्रत काढून ठेवा, आणि पासवर्ड अर्जात लिहू नका.

लेखी नकार पटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार दाखल करता येते आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.