विंडोज ११ वर जाताय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून जो तो "फॉरमॅट मारून टाकू, मशीन फास्ट होईल" म्हणतोय. होतंही कधी कधी. पण मशीन सुरळीत चालत असेल तर मी आधी अपग्रेडच करतो: विंडोज ११ ची आयएसओ फाइल उघडायची, `setup.exe` चालवायचं, फाइल्स आणि प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडायचा. खूप जुना कचरा साठला असेल किंवा विंडोजच बिघडलं असेल, तरच कोरं इन्स्टॉल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केले की बॅकअप झाला असं समजणं. एका हार्डवेअरच्या दुकानात मालकाच्या पुतण्याने नेमकं हेच केलं आणि C ड्राइव्ह पुसला. टॅलीप्राइमचा डेटा होता `C:\Users\Public\TallyPrime\data` मध्ये. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे मशीन आलं तेव्हा रिकव्हरी सॉफ्टवेअरला काहीच सापडेना, कारण एसएसडीवर फॉरमॅट केलं की ट्रिम कमांडने जुन्या जागा मोकळ्या होतात. जुन्या हार्ड डिस्कवर आशा असते, तशी इथे नसते. सीएकडे मार्चचा बॅकअप होता. पुढची सगळी बिलं हाताने पुन्हा भरावी लागली.

म्हणून कोरं इन्स्टॉल करताना मी जुनी डिस्क पुसतच नाही. ती काढून ठेवतो, नवीन एसएसडी बसवतो आणि त्यावर विंडोज टाकतो. महिनाभर कुणी "ते कुठे गेलं?" विचारलं नाही, तर मगच जुनी डिस्क मोकळी. फक्त आधी डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू आहे का ते बघा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती की नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही.

दुसरी चूक घाईची. विंडोज ११ ला यूईएफआय ही नवी बूट पद्धत लागते असं वाचून लोक बायोसमध्ये लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, बंद करतात, मशीन बूट होत नाही, आणि मग घाबरून फॉरमॅट. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि यूईएफआयला जीपीटी लागते, एवढंच. डेटाचा बॅकअप घेऊन, चालू विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर आधी तपासा, त्यात चूक आली नाही तरच डिस्क जीपीटीत बदला:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
mbr2gpt /convert /allowFullOS
```

मगच बायोसमध्ये यूईएफआय करा. टीपीएम २.० हा विंडोज ११ ला लागणारा सुरक्षेचा भागही तिथेच पाहून घ्या. बऱ्याच मशीनमध्ये तो असतो, पण बंद असतो.

३२ बिटचं विंडोज १० असेल तर अपग्रेडचा प्रश्नच नाही, कोरंच टाकावं लागेल.

अपग्रेड मध्येच मागे फिरलं आणि `0xC1900101` दिसलं, तर बहुधा ड्रायव्हरचा घोळ. तेच पुन्हा पुन्हा चालवत बसू नका. बाहेरचा अँटीव्हायरस काढा, प्रिंटर आणि डोंगल उपसा, मग चालवा.

आणि अपग्रेड झाल्याबरोबर जागेसाठी `Windows.old` उडवू नका. १० दिवसांत मागे जायचं झालं तर तेच लागतं.