व्याख्यान आवडलं म्हणून पत्र लिहिताय? या चुका टाळा

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, कपाशीचं. वाचनालयात गणपतीच्या दिवसांत तीन दिवस व्याख्यानं असतात. मागच्या वर्षी गुलाबी बोंडअळीवर बोलायला एक कीटकशास्त्रज्ञ आले होते. त्यांचं पुस्तक माझ्या भाच्यानं दोनदा वाचलेलं. 2017 साली बोंडअळीनं विदर्भाचा घात केला, तेव्हा त्याच्या घरचीही कपाशी गेली होती. त्यामुळे तो वही घेऊन पहिल्या रांगेत बसला. नंतर सरांभोवती इतकी गर्दी झाली की त्याला काही विचारता आलं नाही. शेवटच्या स्लाइडवर सरांचा ईमेल पत्ता होता. त्याच रात्री त्यानं मोबाईलवर पत्र लिहिलं आणि मला दाखवलं.

"आदरणीय सर, आपले व्याख्यान अतिशय प्रेरणादायी व मार्गदर्शक होते. बोंडअळीवर कायमचा उपाय काय? बीटी बियाणे सोडावे का? आमच्याकडे पतंग खूप आहेत, परवा फवारणी करायची आहे, कोणते औषध मारू? सोबत अकरा फोटो पाठवत आहे. कृपया लवकर कळवावे. आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे."

वाचनालयाचं काम पाहताना अशी बरीच पत्रं मी वाचली आहेत. मनातली ओढ खरी असते, म्हणून तर ती थांबवून नीट करावीशी वाटतात.

या पत्रातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे परवाची फवारणी. ज्या प्रश्नाचं उत्तर परवापर्यंत हवं आहे, तो प्रश्न व्याख्यात्याला विचारायचाच नाही. त्यांनी चार दिवसांनी मेल उघडला तर उत्तराचा उपयोग नाही, आणि न दिल्याचं ओझं मात्र त्यांच्यावर. "सवडीने लिहा" म्हटलं तरी आत तारीख असली की सवड उरत नाही. असा प्रश्न गावच्या कृषी सहायकाचा, नाही तर कृषी विज्ञान केंद्राचा. भाचा सकाळी कृषी सहायकांकडे गेला. ते म्हणाले, आधी हिरवी बोंडं फोडून पाहा, सापळ्यांतले पतंग मोजा, मग बोलू.

उरले दोन प्रश्न. "कायमचा उपाय काय" याचं उत्तर म्हणजे सरांचं अख्खं पुस्तक. असा मेल माणूस बाजूला ठेवतो, निवांत वेळी लिहीन म्हणतो, आणि तो वेळ येत नाही. बीटीचंही तसंच. मग नेमका प्रश्न शोधायचा कुठे? वहीत. ऐकताना आपला पेन जिथं थबकला, तिथंच तो असतो. भाच्याच्या वहीत एका ओळीपुढे प्रश्नचिन्ह होतं: "8 पतंग आले की फवारणी."

आणि ती ओळच चुकीची होती. शेजारच्या पोरानं व्याख्यान मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, ते ऐकलं. सर म्हणाले होते, मादीच्या वासानं पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी समजा. "सलग तीन रात्री" हे वहीत सुटलं होतं. बोलणाऱ्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं, की उत्तराची पहिली ओळ ते दुरुस्त करण्यात जाते, आणि बहुतेकदा उत्तरच येत नाही. रेकॉर्डिंग नसेल तर सरळ लिहावं, "माझ्या टिपणात असं आहे, ऐकण्यात चूक झाली असू शकते."

मग आम्ही दहा दिवस थांबलो. तेवढ्यात त्यानं सापळे मोजले: चार रात्रींत 9, 11, 8 आणि 10 पतंग. पण वीस हिरवी बोंडं फोडली, तर अळी एकाच बोंडात. बोंडांची पातळी दहा टक्के, म्हणजे विसात दोन. एक मोजणी फवारा म्हणते, दुसरी थांब म्हणते. कृषी सहायकांनी आठवड्यानं पुन्हा बोंडं फोडायला सांगितलं आणि काम मार्गी लागलं. पण प्रश्न राहिलाच.

सापळ्यात नर पतंगच येतात, दुसऱ्याच्या शेतातूनही येतात, हे सरांच्या पुस्तकात आहे. म्हणजे ते विचारायचं नाही. पुस्तकात नसलेलं एवढंच, की असा पेच पडला तर ते स्वतः कशावर भरवसा ठेवतात. एका ओळीत सांगता येईल, आणि तेच सांगू शकतील.

स्तुतीवर मात्र भाचा अडून बसला. "मामा, एवढं तं लिहाच लागते ना!" लिहावं, पण त्यांच्या बोलण्यातली कुठली गोष्ट आपल्या हाती लागली ते लिहावं. भाच्याला डोमकळी, म्हणजे आत अळी असल्यानं न उमललेलं फूल, ओळखता यायला लागली होती. "प्रेरणादायी" हा शब्द कोणत्याही भाषणाला चालतो. पत्र शेवटी असं झालं:

"विषय: 9 सप्टेंबरच्या व्याख्यानातल्या सापळ्यांबद्दल एक प्रश्न

नमस्कार सर,
आमच्या वाचनालयात तुम्ही डोमकळीचं चित्र दाखवलंत. दुसऱ्या दिवशी माझ्या शेतात धुऱ्याजवळच्या तासात मला तशा चार कळ्या सापडल्या. आधी मी त्या ओळखत नव्हतो.
माझ्या सापळ्यात चार रात्री 9, 11, 8, 10 पतंग आले, पण वीस बोंडांपैकी एकातच अळी निघाली. पतंग पातळीच्या वर आणि बोंडं पातळीच्या खाली असताना तुम्ही कोणती मोजणी धरता?
फवारणीचा निर्णय कृषी सहायकांना विचारून घेतला आहे, त्यामुळे माझं काम अडलेलं नाही. कधी सवड झाली आणि लिहावंसं वाटलं तरच लिहा."

शेवटचा परिच्छेद खरा असेल तरच लिहावा. "आतुरतेने वाट पाहतो", "नक्की कळवा", "आपल्या एका उत्तराने आयुष्य बदलेल" ही वाक्यं गळ्यात पडतात. "उत्तराची अपेक्षा नाही" हेही मला नको वाटतं, त्यात रुसल्याचा सूर लागतो. टपालानं लिहिताना काही जण तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवतात. सोय म्हणून ते चांगलं दिसतं, पण टेबलावर पडलेलं ते पाकीट रोज आठवण करून देतं. मी ठेवू देत नाही. पत्ता पत्रातच खाली लिहावा.

आयोजकांकडून नंबर काढून व्हॉट्सॲपवर लिहिणंही टाळावं. तिथं निळ्या खुणा दिसतात, आणि वाचूनही गप्प राहिल्याचा हिशेब दोन्हीकडून सुरू होतो. फोटो अकराचे शून्य केले. चित्राशिवाय प्रश्न कळत नसेल तर एक पुरे. "आमच्या शेतावर या" किंवा "माझा लेख वाचा" हेही याच पत्रात घालू नये, कारण मग प्रश्न निमित्त वाटतो.

पाठवल्यावर उत्तर आलं नाही, तर एकच गोष्ट तपासायची. Mail Delivery Subsystem या नावानं मेल परत आलाय का? भाच्याचा आला होता. स्लाइडवरून उतरवताना त्यानं पत्त्यातला एक टिंब सोडला होता. पत्ता नीट करून तेच पत्र पुन्हा पाठवलं. मेल परत आला नसेल, तर पत्र पोचलं असं धरून गप्प राहायचं. "सर, पाहिलंत का?" असं विचारलं, की सवडीचं वाक्य खोटं पडतं.

त्याला उत्तर आलेलं नाही. फेब्रुवारीत त्यानं सरांना आणखी दोन ओळी लिहिल्या, प्रश्न न घालता: "ऑक्टोबरअखेर वीस बोंडांत तीन किडकी निघाली, तेव्हा फवारणी केली. फरदड ठेवली नाही, डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाट्या उपटल्या."